पान लागल्यास गावात कळवा

राजगडाच्या पायथ्याच्या काही तरुणांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी एक माहितीपत्रक लिहिले आणि ते माझ्याकडे आणून दिले. निमित्त होते ११ जुलै २०२५ चे. त्या दिवशी युनेस्कोने बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. राजगड त्या अकरांतला एक. आता परदेशी पाहुणे वाढतील, असा मुलांचा अंदाज होता. जर्मन, फ्रेंच, जपानी अशी वेगवेगळी पत्रके छापायला त्यांच्याकडे पैसे नव्हते आणि तशी गरजही राहिलेली नाही. पाहुणा मोबाइलचा कॅमेरा कागदावर धरतो आणि आपल्या भाषेत वाचतो. मुलांचे म्हणणे एवढेच होते, "मराठीतच लिहा, पण मोबाइलला उलगडेल असं लिहून द्या."

भाषांतर हा माझा रोजचा व्यवसाय. एरवी लेखक लिहितो आणि त्याचे लिहिणे दुसऱ्या भाषेत नेण्याची जबाबदारी माझी असते. इथे नेण्याचे काम यंत्र करणार होते आणि मला मूळ मजकूरच त्या प्रवासाला तयार करून द्यायचा होता. मुलांनी लिहिलेला मजकूर असा होता :

"भल्या पहाटे निघालात तर उन्हाच्या आत गडावर पोचाल. चोरदरवाज्याची वाट अंगावर येते. पाली दरवाज्याची सोपी, पण लांबची. घाटात गाडी लागत असेल तर जरा दम खाऊन चढायला लागावे. वर पद्मावतीपुढे नारळ वाढवावा, टाक्याचे गार पाणी प्यावे, दोन घास पोटात गेले की पाय मोकळे करायला निघावे. संजीवनी माची पाहिल्याशिवाय राजगड पाहिला असे म्हणू नये, पण पावसात तिच्या वाटेला जाऊ नये. श्रावणात फुलांना उधाण येते. याच गडावर १६५९ साली महाराणी सईबाई कैलासवासी झाल्या. दिवेलागणीच्या आत खाली उतरावे. गवतात जनावर असते. पान लागल्यास गावात कळवा."

मला हा मजकूर फार आवडला. त्यात गावाचा आवाज आहे आणि मराठी वाचकाला तो कुठेही अडत नाही. शेवटचे वाक्य मात्र शहरातल्या पुष्कळ मराठी वाचकांनाही कळणार नाही. खेड्यात सापाचे नाव घेत नाहीत, विशेषतः रात्री. त्याला 'जनावर' म्हणतात, आणि साप चावला तर 'पान लागले' म्हणतात. हे वाक्य शब्दाला शब्द लावून परभाषेत गेले, तर गवतात एखादे जनावर आहे आणि झाडाचे पान अंगाला लागले तर गावकऱ्यांना सांगायचे आहे, एवढाच अर्थ पाहुण्याच्या हाती पडेल. जीव वाचवण्यासाठी लिहिलेली सूचना एक गमतीशीर चालीरीत होऊन बसेल.

पहिल्यांदा मला वाटले होते की सगळे वाक्प्रचार शोधायचे, खोडायचे आणि साधे शब्द घालायचे, की झाले काम. पण ते तसे नाही. आजची भाषांतरयंत्रे बऱ्याच वाक्प्रचारांना पुरून उरतात. ती शब्दकोश उघडून एकेक शब्द बदलत नाहीत. एकाच मजकुराच्या दोन भाषांतल्या लाखो वाक्यांच्या जोड्या त्यांनी पाहिलेल्या असतात आणि कोणत्या शब्दसमूहासमोर दुसऱ्या भाषेत काय येते, हे त्यांनी त्यातून उचललेले असते. 'नाकी नऊ येणे' वर्तमानपत्रांत सतत छापले जाते, त्यामुळे यंत्राला त्यातले नाक आणि नऊ हे दोन्ही बाजूला ठेवता येण्याची शक्यता चांगली असते. 'पान लागणे' गावात रोज बोलले जाते, पण छापील मजकुरात फारसे येत नाही आणि भाषांतरित मजकुरात तर जवळपास नाहीच. म्हणजे वाक्प्रचार किती आलंकारिक आहे यावर धोका ठरत नाही. तो किती वेळा लिहिला गेला आणि किती वेळा भाषांतरित झाला, यावर ठरतो. मराठीच्या बाबतीत हा साठा हिंदीच्या मानाने बराच लहान आहे, आणि जो आहे त्यात बातम्या व सरकारी मजकुराचा वाटा मोठा आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. जुनी यंत्रे चुकत तेव्हा वाक्यही मोडके येई आणि वाचणारा सावध होई. आताची यंत्रे चुकतात तेव्हाही वाक्य गुळगुळीत, व्याकरणशुद्ध येते. परक्या वाचकाला शंका यायला जागाच उरत नाही. म्हणून चूक नंतर पकडण्यापेक्षा मूळ मजकुरातच तिची वाट बंद करणे शहाणपणाचे.

ठळक वाक्प्रचार डोळ्यांना दिसतात, म्हणून ते काढणे सोपे. 'पाय मोकळे करणे', 'उधाण येणे', 'दोन घास पोटात जाणे' हे मी पहिल्या वाचनातच अधोरेखित केले. अवघड असतात ते आपल्याला वाक्प्रचार वाटतच नाहीत असे प्रयोग. मराठीत याबाबतीत सर्वांत कसदार क्रियापद बहुधा 'लागणे' हे असेल. या छोट्या पत्रकात ते तीन वेळा आले आहे आणि तिन्ही वेळा अर्थ वेगळा आहे. 'गाडी लागणे' म्हणजे वळणावळणाच्या रस्त्याने मळमळणे, 'चढायला लागणे' म्हणजे सुरुवात करणे, 'पान लागणे' म्हणजे सर्पदंश. शिवाय तहान लागते, ऊन लागते, वाटेत गाव लागते, ठेच लागते, विहिरीला पाणी लागते आणि दमल्यावर डोळा लागतो. 'गाडी लागत असेल तर' याचा 'गाडीची गरज असेल तर' असा अर्थ घेतला तर यंत्राला दोष देता येणार नाही, कारण मराठीत तोही अर्थ तितकाच बरोबर आहे. कोणता घ्यायचा हे आपण घाट आणि पोट या अनुभवावरून ठरवतो. तो अनुभव वाक्यात लिहिलेला नसतो.

तेच 'वाट' या शब्दाचे. किल्ल्याच्या पत्रकात वाट हा शब्द टाळून कसे चालेल? पण वाट पाहणे, वाट लावणे, वाटेला लावणे, वाटेला जाणे ही सगळी निराळी कामे आहेत. 'पावसात तिच्या वाटेला जाऊ नये' याचा मुलांच्या मनातला अर्थ होता, पावसात संजीवनी माचीवर जाण्याचे धाडस करू नये. यंत्रापुढे दोन पर्याय उरतात. एक, तिच्या रस्त्याने जाऊ नका, म्हणजे दुसऱ्या रस्त्याने गेलात तर चालेल. दोन, तिची खोडी काढू नका. त्यात 'तिच्या' म्हणजे कोणाच्या, हाही प्रश्न आहेच. मराठीत माची स्त्रीलिंगी, पण इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंग नाही. अनेक यंत्रणा मराठीतून जर्मनमध्ये जाताना मधला मुक्काम इंग्रजीत करतात. त्या मुक्कामात 'तिच्या'ची एखादी बाई झाली, की पुढे जर्मन वाचकाला संजीवनी नावाच्या बाईशी वाद घालू नका असे वाचायला मिळेल. म्हणून मी सर्वनाम काढून नाम परत लिहिले : "पाऊस पडत असताना संजीवनी माचीवर जाऊ नका." मराठी कानाला एकच नाम पुन्हा पुन्हा येणे खटकते आणि शाळेत आपल्याला ते टाळायला शिकवतात. अशा मजकुरात मात्र पुनरुक्ती हाच आधार असतो.

नावांचा प्रश्न आणखी वेगळा. रोमन लिपीत विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे असते. त्यामुळे हे नाव आहे, याचे भाषांतर करायचे नाही, अशी खूण आपोआप मिळते. देवनागरीत अशी खूणच नाही. 'पाली दरवाजा' यातले पाली हे गावाचे नाव आहे, पण पाल या प्राण्याचे अनेकवचनही पालीच होते. 'टाक्याचे पाणी' यातले टाके म्हणजे खडकात खोदलेला हौद, आणि दवाखान्यात जखमेला घालतात तेही टाकेच. 'संजीवनी' औषधी, 'सुवेळा' शुभ वेळ, 'चोरदरवाजा' चोराचे दार. यावर उपाय सोपा आहे आणि तो मी कुठल्याही मजकुरात बिनदिक्कत वापरतो. नावाला त्याची जात चिकटवायची. 'पाली नावाचे गाव', 'पद्मावती नावाची देवी', 'संजीवनी नावाची माची'. 'नावाचे' हा शब्द देवनागरीतले मोठे अक्षर आहे, असे समजायला हरकत नाही.

मग 'माची' या शब्दाचे काय करायचे? इथे मी मुलांशी बराच वेळ बोललो, कारण त्यांच्यापैकी एकाने तो शब्दही काढून टाकला होता आणि त्या जागी 'सपाट जागा' लिहिले होते. ते मला पटले नाही. उधाण, घास, मोकळे पाय हे सांगण्याची तऱ्हा आहेत. ते गेले तरी माहिती शाबूत राहते. माची आणि बालेकिल्ला या गोष्टी स्वतःच माहिती आहेत. पाहुणा त्या पाहायलाच आला आहे आणि गडावरच्या पाटीवरही त्याला तोच शब्द भेटणार आहे. असे शब्द ठेवायचे आणि पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात त्यांचा अर्थ सांगायचा. चोरदरवाज्याचेही तसेच. तो गडाचा डावपेच आहे, म्हणून 'लहान दरवाजा' एवढे लिहून भागत नाही.

वेळेच्या शब्दांनी आम्हाला सगळ्यांत जास्त वेळ बसवले. 'भल्या पहाटे' म्हणजे किती वाजता? एक जण म्हणाला चार, दुसरा म्हणाला साडेपाच. पत्रकात चांगला वाटणारा शब्द आकड्यात उतरवायला गेलो आणि लक्षात आले की मुलांचे आपसातच एकमत नव्हते. शब्द त्यांचा मतभेद झाकून ठेवत होता. शिवाय पुणे परिसरात मे महिन्याच्या अखेरीला सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो आणि डिसेंबरच्या अखेरीला सातच्या सुमाराला. एकच तास वर्षभर चालणार नव्हता. शेवटी 'सूर्योदयापूर्वी एक तास' असे ठरले. सूर्योदयाची वेळ पाहुण्याच्या फोनमध्ये असतेच. दिवेलागणीचेही 'सूर्यास्तापूर्वी' असे झाले.

श्रावण महिन्याला तर दोन घोळ चिकटलेले आहेत. उत्तर भारतातला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो, कारण तिथे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला. आणि अधिक मास आला की सगळेच पुढे सरकते. २०२३ मध्ये श्रावणच अधिक आला होता आणि निज श्रावण १५ सप्टेंबरपर्यंत चालला. यंत्राने श्रावण हा शब्द तसाच ठेवला तर परदेशी वाचकाला काही कळत नाही, आणि त्याऐवजी इंग्रजी महिना घातला तर तो चुकण्याची शक्यता आहे. म्हणून 'ऑगस्ट आणि सप्टेंबर'. अशाच जातीचा एक शब्द पत्रकात नव्हता, पण सूचनाफलकांवर नेहमी दिसतो : 'परवा'. मराठीत तो मागेही जातो आणि पुढेही. 'परवा गड बंद' असे लिहिले तर बंद होता की राहील, हे मराठी माणसालाही फलक कधी लावला ते पाहून ठरवावे लागते. तिथे तारीखच लिहावी.

राहिला प्रश्न 'कोणी करायचे' याचा. प्यावे, निघावे, उतरावे, वाढवावा ही रूपे मराठीत सभ्य आहेत. त्यांत आज्ञा टोचत नाही. पण त्यांत कर्ता नसतो, आणि ती सक्ती, सल्ला व इच्छा या तिन्हींसाठी चालतात. 'नारळ वाढवावा' हा नियम आहे की रिवाज? परदेशी माणसाने मंदिरात शिरण्याआधी नारळ विकत घेतलाच पाहिजे का? मूळ वाक्य यावर काही बोलत नाही. त्यात 'वाढवणे' हे क्रियापद आणखी एक गाठ मारते. फोडणे हा शब्द अशुभ वाटतो म्हणून नारळ वाढवतात, बांगडी फुटली तर ती वाढवली म्हणतात. यंत्राने 'नारळाची संख्या वाढवा' असा अर्थ लावला तर त्याचे नवल नाही. 'आपण' हा शब्द मुलांनी वापरला नव्हता, पण अशा मजकुरात तो हटकून येतो आणि त्याचे तीन अर्थ होतात : आदरार्थी तुम्ही, सगळे मिळून आम्ही-तुम्ही आणि स्वतः. मी अशा ठिकाणी सरळ 'तुम्ही' आणि 'करा, घ्या, जाऊ नका' ही रूपे वापरतो. ती उद्धट वाटतील अशी भीती नको. आदर दाखवायची पद्धत प्रत्येक भाषेची स्वतःची असते आणि यंत्र ती त्या भाषेच्या रिवाजाप्रमाणे घालते.

वाक्याच्या लांबीबद्दल एक जुना, कसाला उतरलेला दाखला आहे. विमानांच्या देखभालीची पुस्तके जगभरातले तंत्रज्ञ वाचतात आणि त्यांतल्या बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. त्यांच्यासाठी १९८० च्या दशकात युरोपातल्या विमान उद्योगाने इंग्रजीचे एक आवळलेले रूप ठरवले. आज त्याला सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणतात. एका शब्दाला एकच अर्थ, आणि कृती सांगणारे वाक्य वीस शब्दांच्या आत, हे त्याचे दोन मुख्य नियम. मराठीत विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटत असल्याने आपले वीस शब्द इंग्रजीच्या विसांहून बरेच जास्त वजन उचलतात. मी स्वतः बारा शब्दांच्या आसपास थांबतो आणि एका वाक्यात एकच कृती ठेवतो. नकारावर नकारही काढतो. 'पाहिल्याशिवाय पाहिला असे म्हणू नये' याचे 'अवश्य पाहा' होते.

इतके झाल्यावर पत्रक असे उभे राहिले :

"सूर्योदयापूर्वी एक तास चालायला सुरुवात करा. त्यामुळे ऊन वाढण्यापूर्वी तुम्ही किल्ल्यावर पोहोचाल. किल्ल्यावर जाण्यासाठी दोन मुख्य पायवाटा आहेत. पहिली पायवाट गुंजवणे नावाच्या गावातून सुरू होते. या पायवाटेचा चढ खूप तीव्र आहे. या पायवाटेच्या शेवटी एक लहान दरवाजा आहे. शत्रूला दिसू नये म्हणून हा दरवाजा लपवून बांधला होता. अशा दरवाज्याला मराठीत चोरदरवाजा म्हणतात. दुसरी पायवाट पाली नावाच्या गावाच्या बाजूने येते. ही पायवाट जास्त लांब आहे, पण सोपी आहे. वळणाच्या रस्त्यावर वाहनात तुम्हाला मळमळ झाली असेल, तर आधी विश्रांती घ्या. त्यानंतर चढायला सुरुवात करा.

किल्ल्यावर पद्मावती नावाच्या देवीचे मंदिर आहे. काही भाविक देवीसमोर नारळ फोडतात आणि देवीला अर्पण करतात. पाहुण्यांनी हे करणे आवश्यक नाही. किल्ल्यावर पाणी साठवण्यासाठी खडकात खोदलेले हौद आहेत. हे पाणी शुद्ध करून प्या. जेवण झाल्यावर किल्ला फिरून पाहा. संजीवनी नावाची माची अवश्य पाहा. माची म्हणजे किल्ल्याच्या शिखराखालचा, तटबंदी असलेला लांब सपाट भाग. पाऊस पडत असताना संजीवनी माचीवर जाऊ नका. तेथे पाय घसरून दरीत पडण्याचा धोका आहे. ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत किल्ल्यावर खूप रानफुले दिसतात. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई यांचे १६५९ मध्ये या किल्ल्यावर निधन झाले. सूर्यास्तापूर्वी किल्ल्यावरून खाली पोहोचा. गवतात विषारी साप असतात. साप चावला तर ताबडतोब १०८ या क्रमांकावर फोन करा. ही रुग्णवाहिकेची मोफत सेवा आहे."

मजकूर दुपटीहून जास्त झाला. हे नेहमी होते. वाक्प्रचार ही दाबून भरलेली गाठोडी असतात, ती सोडली की सामान पसरते. सईबाईंसाठी मी 'मृत्यू' न लिहिता 'निधन' लिहिले, कारण तो शब्द आदर राखतो आणि बातम्यांत इतका छापला गेला आहे की यंत्र त्यावर सहसा अडखळत नाही. 'कैलासवासी' मात्र राहू शकत नव्हता. राणी त्या वर्षी कैलास पर्वतावर राहायला गेल्या, असे कोणी वाचले तर काय करणार?

आता तपासणी. बहुतेक जण इथे एक युक्ती सुचवतात : मराठी मजकूर यंत्राने इंग्रजीत न्यायचा, ते इंग्रजी पुन्हा यंत्रानेच मराठीत आणायचे आणि मूळ मजकुराशी जुळते का ते पाहायचे. वाक्प्रचारांसाठी ही युक्ती फसवी आहे. यंत्राने 'नारळ वाढवा' शब्दशः इंग्रजीत नेले आणि शब्दशःच परत आणले, तर हाती पुन्हा 'नारळ वाढवा' येते. जुळणी तंतोतंत, आणि मधले इंग्रजी साफ चुकीचे. चूक जितकी शब्दशः, तितकी ती परतीच्या वाटेवर बेमालूम झाकली जाते. ही तपासणी वगळलेले वाक्य किंवा बदललेला आकडा पकडायला उपयोगी पडते. अर्थ बरोबर पोचला का, हे तिला विचारू नये. त्यासाठी मधला मजकूरच वाचावा लागतो.

हिंदीत भाषांतर करून पाहणे ही दुसरी फसवी सोय. लिपी एक, बरेच वाक्प्रचार सारखे, त्यामुळे हिंदी भाषांतर छान वाटते आणि जर्मनमध्ये काय होणार याचा काहीच अंदाज येत नाही. उलट लिपी एक असल्याने छोट्या फलकांवर आणखी एक संकट येते. भाषा आपोआप ओळखण्याच्या सोयीला दोन-तीन देवनागरी शब्दच मिळाले तर ती मराठीला हिंदी समजू शकते. मग 'खाली' म्हणजे वर-खालीतले खाली राहत नाही, हिंदीतले रिकामे होते, आणि 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. म्हणून पत्रकाच्या वर आम्ही इंग्रजीत एक ओळ घातली, की हा मजकूर मराठीत आहे, फोनमध्ये भाषा मराठी निवडा.

खरी तपासणी माणसाकडून होते, आणि ती फार खर्चिक नसते. पुण्यात शिकायला आलेल्या एका जर्मन विद्यार्थिनीला आम्ही मुलांचे मूळ पत्रक फोनवर तिच्या भाषेत वाचायला दिले. "कळलं का?" असे विचारले नाही, कारण त्यावर माणसे भिडेखातर हो म्हणतात. सहा प्रश्न विचारले : कधी निघायचे, सोपा रस्ता कोणता, मंदिरात काय करायचे, पावसात कुठे जायचे नाही, फुले कधी पाहायला यायचे, गवतात कशाची भीती आहे. शेवटच्या प्रश्नावर ती म्हणाली, गवतात जनावरे चरत असतील. तिथेच आमचे काम किती गरजेचे आहे हे मुलांना दिसले.

नव्या पत्रकासाठी वाचक दुसरा हवा होता, कारण त्या मुलीला आता साप ठाऊक झाला होता. तिच्याच एका मैत्रिणीने सहापैकी सहा प्रश्नांची उत्तरे बरोबर दिली. पण तिने आम्हाला न सुचलेला प्रश्न केला. पाणी शुद्ध करायचे म्हणजे देवीपुढे काही विधी करायचा का? 'शुद्ध करून प्या' हे वाक्य मंदिराच्या वाक्यांना लागून आले होते आणि शुद्धीला धार्मिक छटा मराठीतही आहेच. यंत्राने तीच छटा उचलली. माझ्या डोळ्यांना ते वाक्य पूर्ण निर्मळ दिसले होते. आता तिथे 'हे पाणी उकळून प्या' असे आहे. मळमळीच्या वाक्यात तिने आणखी विचारले, विश्रांती किती वेळ घ्यायची? मुलांनी अर्धा तास लिहिला.

या सगळ्यात काय गेले, तेही सांगायला हवे. 'वाट अंगावर येते' यात चढणाऱ्याच्या छातीतला भार आहे, 'चढ खूप तीव्र आहे' यात तो नाही. फुलांचे उधाण गेले. नारळ फोडताना 'फोडणे' न म्हणण्यातला संकोच गेला. त्यामुळे कथा, आठवण, ललित लेख यांना ही कात्री लावू नये असे मला ठामपणे वाटते. त्यांना माणूस-भाषांतरकारच हवा, जो जर्मनमध्ये उधाणाच्या तोडीचे काहीतरी शोधत बसेल. ही पद्धत सूचना, औषधाची माहिती, रस्ता, वेळापत्रक, नियम यांसाठी, जिथे चुकीचा अर्थ कोणाला तरी भोगावा लागतो. आणि मूळ मजकूर फेकून देऊ नये. मुलांनी दोन्ही ठेवले. पहिला मजकूर गावातल्या मंदिराशेजारच्या मोठ्या फलकावर रंगवायचे ठरले, दुसरा पत्रकावर.

फलक रंगवण्याआधी मुलांनी दोन्ही मजकूर पारावर वाचून दाखवले. पत्रकातले शेवटचे वाक्य आले तेव्हा एका आजींनी वाचणाऱ्याला थांबवले. "नाव कशाला काढायचं त्याचं? आन तेबी छापून?" त्यांचा नातूच वाचत होता. त्याने त्यांना समजावून सांगितले, की येणाऱ्या माणसाला आपले पान माहीत नाही, त्याच्या गावात पान म्हणजे झाडाचेच. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कागदावर लिवा. फळीवर नको, फळी रातीबी तिथंच असती."

फलकावर 'पान लागल्यास गावात कळवा' हेच आहे. खाली १०८ हा आकडा तेवढा वाढवला आहे.